ही जागा खरंच रिकामी आहे का?

*नमस्कार ताई, मी एम.एस्सी. केमिस्ट्री, लोट्याच्या एका कारखान्यात चार वर्षं क्यूसीत आहे. एचपीएलसी आणि जीसी दोन्ही चालवते. राहायला चिपळूणला. जानेवारीपासून 19 ठिकाणी अर्ज केले. दर वेळी जाहिरात समोर ठेवून रेझ्युमे नव्याने लिहिते, सेकंड शिफ्ट करून आल्यावर दोन-अडीच तास त्यात जातात. फोन आले फक्त दोन. काही जाहिराती तर मी अर्ज केल्यावरही दोन-दोन महिने तशाच दिसतात. जागा भरली नाही, तर मला का बोलावत नाहीत? दोन नव्या जाहिरातींचे दुवे पाठवते आहे. कुठल्या अर्जाला बसू? — एक वाचक, चिपळूण*

दोन्ही दुवे मी उघडून पाहिले. पहिल्या जाहिरातीसाठी रात्र जागवू नकोस. दुसरीसाठी जागव, आणि या आठवड्यातच. हे कशावरून म्हणते ते नीट सांगते, म्हणजे पुढची जाहिरात तुझी तुला वाचता येईल.

मी सोळा वर्षं कोकणातल्याच एका रसायन कारखान्याच्या एचआर विभागात काम केलं. तिथे प्लांट ऑपरेटर आणि शिफ्ट केमिस्ट या दोन जाहिराती आम्ही कधी उतरवल्याच नाहीत. माणसं सारखी सोडून जायची. कुणी तळोज्याला, कुणी वापीला, कुणी आखातात. माणूस गेल्यावर जाहिरात द्यायची म्हटलं तर माणूस मिळेपर्यंत शिफ्ट कोण चालवणार? म्हणून जाहिरात कायम चालू ठेवायची आणि येतील ते रेझ्युमे एका फोल्डरमध्ये साठवायचे, अशी रीत होती. कुणी राजीनामा दिला की फोल्डर उघडायचा आणि सगळ्यात शेवटी आलेले पंधरा-वीस रेझ्युमे बघायचे. त्याखालचे कुणी उघडत नसे. त्यात तुझ्यासारखे रात्री जागून लिहिलेले किती असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. ‘सध्या जागा रिकामी नाही, नाव नोंदवून ठेवत आहोत’ एवढं एक वाक्य जाहिरातीत घालणं माझ्या हातात होतं. ते घातलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

एचआरमध्ये अशा जाहिरातीला एव्हरग्रीन म्हणतात. मी बारमाही म्हणते. ती फसवणूकच असते असं नाही, त्यातून माणसं खरोखर घेतलीही जातात. पण तू अर्ज पाठवतेस त्या दिवशी तिच्यामागे रिकामी खुर्ची नसते, आणि तुझा रेझ्युमे जाहिरातीशी शब्दन् शब्द ताडून बघणारं तिथे कुणी नसतं.

आता तुझी पहिली जाहिरात बघू. पद ‘क्यूसी एक्झिक्युटिव्ह / सीनियर एक्झिक्युटिव्ह’, अनुभव 2 ते 10 वर्षं, ठिकाण लोटे, महाड, तारापूर. मला इथेच शंका आली. दोन वर्षांची केमिस्ट आणि दहा वर्षांचा माणूस एका खुर्चीवर बसत नाहीत. त्यांचा पगार वेगळा, जबाबदारी वेगळी, एक नमुने तपासणार आणि दुसरा त्या तपासणीवर सही करणार. खरी जागा निघते तेव्हा आधी क्यूसी मॅनेजर एचआरला लिहून देतो की अमुक माणूस गेला, त्याच्या जागी अशा अनुभवाचा माणूस हवा. त्या कागदावर अनुभवाची पट्टी अरुंद असते, तीन ते पाच किंवा पाच ते आठ. पट्टी 2 ते 10 झाली की समजावं, एका माणसासाठी लिहिलेला कागद त्यामागे नाही. तीन गावांचंही तसंच. तीन ठिकाणी तीन जागा असत्या तर तीन जाहिराती निघाल्या असत्या, कारण प्रत्येक कारखान्याचा मॅनेजर आपल्या माणसाची मुलाखत आपणच घेतो.

मग मी कामाचं वर्णन वाचलं. ‘कच्चा माल व तयार मालाची तपासणी, नोंदी ठेवणं, जीएलपी पाळणं, सांघिक वृत्ती.’ हे वर्णन भारतातल्या कुठल्याही क्यूसी लॅबला चालेल. कुठलं यंत्र, कुठल्या प्रकारचा माल, शिफ्ट कोणती, कुणाच्या हाताखाली, जागा नवी की कुणी सोडून गेल्यामुळे, यातलं काहीच नाही. रेझ्युमे जाहिरातीनुसार बसवायचा म्हणजे तिच्यातल्या नेमक्या गरजांशी आपलं काम जुळवून दाखवायचं. इथे नेमकं असं काही नाहीच, तर तू अडीच तासांत जुळवणार तरी कशाशी?

एवढ्यावर मात्र निकाल देऊ नये. छोट्या कारखान्यांत जाहिरात लिहिणाऱ्याला वेळ नसतो, जुनीच उचलून चिकटवतात, आणि जागा खरी असते. म्हणून यानंतर तारीख बघावी.

तू जाहिरात पोर्टलवर पाहिलीस. तिथे ‘4 दिवसांपूर्वी’ असं होतं. पोर्टलवरच्या तारखेवर विसंबू नकोस, कारण जुनी जाहिरात पुन्हा टाकली की तिथे तारीख नवी दिसते. लिंक्डइनवर निदान ‘रीपोस्टेड’ असा शब्द येतो, तो नजरेतून सुटू देऊ नकोस. मी सरळ कंपनीच्या करिअर पेजवर गेले आणि तीच जाहिरात शोधली. पान उघडं असताना संगणकावर `Ctrl+U` दाबलं की पानाचा मूळ मजकूर दिसतो. त्यात `Ctrl+F` करून `datePosted` शोधायचं. नोकरीची जाहिरात गुगलच्या शोधात नीट दिसावी म्हणून बऱ्याच करिअर पेजेसवर ही तारीख आत लिहिलेली असते. मला मिळालं ते असं:

```
"datePosted": "2025-11-17"
```

म्हणजे चार दिवसांची दिसणारी जाहिरात चार महिन्यांची आहे. त्याच्याच आसपास `validThrough` ही शेवटची तारीख बहुधा सापडते, पण तिला मी फार महत्त्व देत नाही. अनेकदा ती यंत्रणाच आपोआप पुढची टाकून देते. `datePosted` सुद्धा काही ठिकाणी दर नव्या टाकणीला बदलते. ती जुनी दिसली तर जाहिरात जुनी आहे हे पक्कं, पण नवी दिसली म्हणून जाहिरात नवीच असेल असं नाही.

म्हणून जोडीला जाहिरातीचा नंबर बघायचा. करिअर पेजवर बहुतेक प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो, आणि साधारणपणे नवी जागा काढली की तो पुढे सरकतो. तारीख बदलली तरी नंबर सहसा तोच राहतो. तुझ्या जाहिरातीचा नंबर 4127 आहे. त्याच पानावर या आठवड्यात आलेल्या जाहिराती 4390 च्या पुढच्या आहेत. 4127 च्या मागचे-पुढचे नंबर पानावर नाहीतच, त्या जागा कधीच भरून उतरल्या. ही एकटी मागे राहिली आहे.

शेवटी मी वर्णनातलं एक लांब वाक्य उचलून अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकलं. तेच वाक्य दोन कन्सल्टन्सींच्या जाहिरातींत निघालं, कंपनीचं नाव झाकून, ‘एक नामांकित रसायन कंपनी’ असं लिहून. कन्सल्टन्सीला माणूस लावला की पैसे मिळतात, म्हणून आपल्याकडे रेझ्युमे साठवून ठेवण्यात तिला रस असतो. त्यात गैर काही नाही, पण तिथे बसवून लिहिलेला रेझ्युमे पाठवणं वाया जातं. (कुणी नोंदणीचे किंवा मुलाखतीचे पैसे मागितले तर मात्र तिथेच थांब आणि नंबर ब्लॉक कर.)

हे सगळं पाहायला मला पंधरा मिनिटं लागली.

मग पहिल्या जाहिरातीला अर्जच करायचा नाही का? कर, पण तुझा नेहमीचा रेझ्युमे पाठवून पाच मिनिटांत मोकळी हो. बारमाही जाहिरातीत शेवटी आलेला रेझ्युमे वर असतो, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पाठवणं हे बसवून लिहिण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. त्याहून उपयोगी म्हणजे नोकरी डॉट कॉमवरचं तुझं प्रोफाइल आठवड्याला एकदा उघडून काहीतरी अद्ययावत करणं. भरती करणारा तिथे उमेदवार शोधतो तेव्हा अलीकडच्या काही दिवसांत कोण सक्रिय होतं, अशी चाळणी त्याला लावता येते, आणि घाईत असलेला माणूस ती लावतोच. तुझ्या यंत्रांची आणि चाचण्यांची नावं त्या प्रोफाइलमध्ये नीट लिहिलेली असू देत. बारमाही जागांसाठी खरा अर्ज तोच.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. अर्ज केल्यावरही दोन-दोन महिने दिसणारी प्रत्येक जाहिरात बारमाही नसते. बरेचदा जागा भरलेली असते, पण माणूस अजून यायचा असतो. मधल्या-वरच्या पदावरच्या माणसाचा नोटीस पिरियड दोन ते तीन महिन्यांचा असू शकतो. आम्ही ऑफर लेटर दिलं की तो आपल्या कंपनीत राजीनामा देणार, मग नोटीस भरणार, आणि मध्येच त्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवणार किंवा तिसरीच कंपनी त्याला उचलणार, ही धास्ती एचआरला सतत असते. असं होतंही पुष्कळ. म्हणून माणूस गेटमधून आत येऊन पंचिंग करेपर्यंत जाहिरात उतरवायची नाही, हा आमच्याकडे अलिखित नियम होता. त्या काळात येणारे अर्ज बघितले जातात, पण वरवर. मनात आधीच एक नाव असतं.

अशी जाहिरात बाहेरून ओळखायची एक खूण आहे. सुरुवातीला ती नेमकी असते, अनुभवाची पट्टी अरुंद, यंत्रांची नावं लिहिलेली. तीन-चार आठवडे ती ताजी राहते, मग तशीच पडून राहते, आणि अर्ज केलेल्या कुणालाच उत्तर येत नाही. तिच्यावर डोळा ठेव. कधी कधी दोन महिन्यांनी तीच जाहिरात अचानक पुन्हा वर येते आणि मजकुरात ‘इमिजिएट जॉइनर’ किंवा ‘15 दिवसांत रुजू होणाऱ्यास प्राधान्य’ हे शब्द नव्याने घुसलेले असतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ठरलेला माणूस आलाच नाही असा असतो. मॅनेजर चिडलेला असतो, लॅबमध्ये माणूस कमी पडत असतो, आणि त्या आठवड्यात गेलेला नेमका रेझ्युमे खरंच वाचला जातो. जाहिरात तीच, पण दोन महिन्यांपूर्वी तिच्यावर घालवलेले तास वाया गेले असते आणि आता घालवलेले कामी येतात. तुझा नोटीस पिरियड एक महिन्याचा असेल तर तो अशा वेळी रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळींत लिही.

दुसरा प्रकार म्हणजे आतल्याच माणसाला बढती द्यायची ठरलेली असते, पण जाहिरात काढण्याचा नियम असतो. ती जाहिरात त्या माणसाच्या अंगाचं माप घेऊन शिवलेली असते. एम.एस्सी., नेमका सहा ते सात वर्षं अनुभव, एका विशिष्ट उत्पादनाचा, अमुक ग्राहकाचं ऑडिट हाताळलेलं, एसएपी येणारा, आणि अर्जाला मुदत फक्त चार दिवस, त्यातले दोन शनिवार-रविवार. वाचताना तुला वाटेल की असा माणूस जगात एकच असेल, आणि तो एक तिथेच बसलेला असतो. अट एखादी विचित्र असली तर घाबरू नकोस, कामाला खरंच तसा माणूस लागत असेल. पण चार-पाच विचित्र अटी एकत्र आणि मुदत तोकडी, असं दिसलं तर पुढे जा.

कागदावरून ठरत नसेल तर फोन कर. बोर्ड नंबरवर, सकाळी साडेदहा ते बारामध्ये, पगाराचे आणि हजेरीचे दिवस टाळून, म्हणजे महिन्याचा शेवट आणि पहिला आठवडा सोडून. ‘जागा आहे का’ असं विचारू नकोस, ‘पाठवून ठेवा’ एवढंच उत्तर मिळेल. ‘या पदाच्या मुलाखती सुरू झाल्या आहेत का, आणि माझा अर्ज कधीपर्यंत पोचला तर धरला जाईल?’ असं विचार. जागा जिवंत असेल तर समोरचा एखादा वार सांगतो, शुक्रवारपर्यंत पाठवा, सोमवारी साहेब बघणार आहेत. वार मिळाला नाही, ‘आमचं चालूच असतं, पाठवा, गरज लागली की कळवू’ असं आलं, तर ती बारमाही. ‘प्रोसेस पुढे गेली आहे’ असं कुणी म्हणालं तर ऑफर गेली आहे असं धर, आभार मान, आणि ती जाहिरात दोन महिने नजरेत ठेव.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे. बहादूरशेख नाक्यावर पहाटे कंपन्यांच्या बस थांबतात. त्या कारखान्यात जाणारं ओळखीचं कुणी असेल तर लॅबमधून अलीकडे कुणी सोडून गेलंय का, एवढंच विचार. ज्या कारखान्याची माणसं अशी भेटतात, तिथे ही माहिती कुठल्याही पोर्टलपेक्षा खरी. पण जपून. सकाळी नाक्यावर विचारलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत तुझ्या मॅनेजरच्या कानावर गेलेली असते. स्वतः विचारू नकोस, बहिणीला किंवा शेजारच्या काकांना विचारायला सांग, आणि तुझं नाव निघू देऊ नकोस.

आता तुझी दुसरी जाहिरात. महाड, एकच जागा, अनुभव 3 ते 5 वर्षं, तिन्ही शिफ्ट. नव्या स्टॅबिलिटी विभागासाठी, क्यूसी मॅनेजरच्या हाताखाली, जीसीवर रेसिड्युअल सॉल्व्हंट्सचा अनुभव आवश्यक, हेडस्पेस वापरलेला असल्यास प्राधान्य. करिअर पेजवर ती नऊ दिवसांपूर्वीची आहे, नंबर त्या पानावरच्या ताज्या नंबरांना लागून आहे, आणि मजकुरात अर्जाची शेवटची तारीख 27 मार्च, शुक्रवार, अशी माणसाने लिहिलेली आहे. तिचं वाक्य शोधलं तर दुसरीकडे कुठेही सापडत नाही. जागा का निघाली ते जाहिरातच सांगते, नवा विभाग सुरू होतोय. नवा विभाग असल्यामुळे आतला माणूस ठरलेला असण्याची शक्यताही कमी वाटते, कारण तसा असता तर अटी इतक्या साध्या राहिल्या नसत्या. खात्री मी देऊ शकत नाही, पण या 19 मधल्या ज्यांचं तू वर्णन केलंस त्यांच्यापेक्षा ही निश्चित वेगळी आहे.

हिच्यासाठी रेझ्युमे बसव. सध्या तुझ्या रेझ्युमेत एचपीएलसी पहिलं आणि जीसी शेवटच्या ओळीत असेल तर ते उलटं कर. ‘जीसी हाताळणी’ असं मोघम लिहू नकोस. कुठली सॉल्व्हंट्स तपासतेस, आठवड्याला साधारण किती नमुने, हेडस्पेस होता की थेट इंजेक्शन, कॅलिब्रेशन स्वतः करतेस की सर्व्हिस इंजिनिअर येतो, हे दोन-तीन ओळींत लिही. उत्पादनाचं नाव आणि तुझ्या कंपनीचे आकडे मात्र देऊ नकोस, ती गुपितं आहेत. स्टॅबिलिटीचे नमुने तुमच्या लॅबमध्ये कधी हाताळले असतील, एकदाच का होईना, तर ते लिही. हाताळले नसतील तर लिहू नकोस, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. पोर्टलवरच्या ‘अप्लाय’ बटणावरून पाठवू नकोस, करिअर पेजवरूनच पाठव, आणि जाहिरातीचा नंबर अर्जाच्या विषयात लिही. बुधवारपर्यंत गेला तर शुक्रवारच्या आत एकदा फोन करायला तुला एक दिवस मिळेल.